स्कॅनवरून एक्सेल केलं, आता कुठला आकडा कुठल्या पानावरचा ते कसं कळणार?

प्रश्न: ६० पानांच्या स्कॅनचं एक्सेल केलंय, एखादा आकडा चुकीचा वाटला तर मूळ इमेजमध्ये तो नेमका कुठे शोधायचा?

उत्तर: दोन कॉलम वाढवा, एकात इमेज फाइलचं नाव आणि दुसऱ्यात त्या पानावरची ओळ. पानावर छापलेला नंबर नको, फाइलचंच नाव घ्या, कारण कव्हर वगैरे धरून छापील १२ म्हणजे स्कॅनमधलं १४वं पान असं सर्रास होतं. ओळ प्रत्येक पानावर हेडिंग सोडून १ पासून मोजायची, आणि मजकूर दोन ओळींत गेला असेल तरी ती एकच ओळ धरायची, नाहीतर खालचे सगळे नंबर सरकतात. कॉलमची हेडिंगं मूळ तक्त्यातलीच ठेवली की सेलपर्यंत पोचता येतं.

आणि नंबर `=ROW()` ने टाकू नका हो, सॉर्ट केलं की तो नव्या जागेचा नंबर दाखवतो, मी एकदा फसलोय. साधा आकडाच टाका, तोही पानं एकत्र जोडायच्या आधी.

आता समजा ४५० च्या जागी ४५०० दिसलं, शेजारी `scan_014.jpg` आणि ७ आहे, तर ती इमेज उघडून सातवी ओळ बघायची. तिथे दुसरीच नोंद दिसली तर वरती एखादी ओळ सुटलीय किंवा तुटून दोन झाल्यात, मग ते अख्खं पानच तपासा.