सकाळच्या कप्प्यात थायरॉईडची गोळी ठेवू नका

«आईसाठी सात दिवसांचा, दिवसाला चार कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणला आहे. थायरॉईड, कॅल्शियम, बीपी या तिन्हींवर चिठ्ठीत १-०-० लिहिलं आहे. तिन्ही सकाळच्या कप्प्यात ठेवल्या तर चालतील का? लोहाची गोळी ०-१-० आहे आणि शुगरची १-०-१.»

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. अगदी हाच डबा, याच तीन गोळ्या आणि हेच १-०-०. आमच्या घरी त्यातून सासूबाईंचे जवळजवळ आठ महिने वाया गेले. मी डॉक्टर नाही. खाली जे लिहिते आहे ते आमच्या घरचं आहे, तुमच्या आईच्या गोळ्यांच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच नक्की करा.

आधी उत्तर. बीपीची सकाळी ठेवा. थायरॉईडची डब्यात ठेवूच नका. कॅल्शियम दुपारच्या कप्प्यात, जेवणासोबत. थायरॉईड आणि कॅल्शियम यांच्यात किमान चार तास हवेत, आणि थायरॉईड व लोह यांच्यातही तेवढेच. १-०-० वरून दिवसात किती गोळ्या आणि साधारण कुठल्या वेळी ते कळतं. कुठल्या दोन गोळ्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या, हे त्यात कुठेच नसतं.

आमचं काय झालं ते सांगते. डबा येण्याआधी सासूबाईंची थायरॉईडची बाटली उशाशी असायची. पहाटे साडेपाचला उठल्या की त्या एक गोळी पाण्यासोबत घेत, मग अंघोळ, पूजा, आणि सातच्या सुमारास चहा. ७५ मायक्रोग्रॅमवर त्यांचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, वर्षानुवर्षं व्यवस्थित होता. मग गुडघे दुखायला लागले, कॅल्शियम सुरू झालं, पुढे हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून लोह आलं. गोळ्या सात झाल्या तसा गोंधळ वाढला. एकदा बीपीची गोळी दोनदा घेतली गेली. म्हणून मी बर्डीच्या बाजारातून डबा आणला, रविवारी बसून नीट भरला आणि १-०-० वाल्या सगळ्या गोळ्या ‘सकाळ’ लिहिलेल्या कप्प्यात घातल्या. थायरॉईडही बाटलीतून काढून तिथेच. सासूबाई सकाळी साडेआठला पोहे खाऊन झाले की तो कप्पा उघडत आणि सगळ्या एकदम घेत. मला वाटलं, आता एकही गोळी चुकत नाही. चुकत नव्हतीच, पण थायरॉईडची गोळी अंगी लागत नव्हती.

कॅल्शियम पोटात थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतं आणि ती आतड्यातून रक्तात पुरेशी जात नाही. लोहही तेच करतं. त्यात भरल्या पोटी घेतली की शोषण आणखी कमी. आणि हे त्या दिवशी, त्या आठवड्यात कळत नाही, कारण शरीरातला या औषधाचा साठा अर्धा व्हायलाच साधारण एक आठवडा लागतो. हळूहळू थकवा येतो, बद्धकोष्ठ होतं, पायांवर सूज येते, माणूस दुपारी झोपायला लागतो. आम्ही म्हटलं वय झालं, त्यात नागपूरचा मे महिना.

तीन महिन्यांनी तपासणीत टीएसएच वाढून ९.८ आला. डोस १०० झाला. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर ८ च्या वर. डोस १२५. यात मला सर्वात जास्त राग आहे तो त्या दवाखान्याच्या औषधांच्या काउंटरचा. मी तिथे उभी राहून विचारलं होतं, सरळ शब्दांत, की थायरॉईड आणि कॅल्शियमची गोळी एकत्र चालतात का. समोरच्याने चिठ्ठीवर बोट ठेवून सांगितलं, «सकाळी लिहिलंय ना, मग सकाळी द्या.» आणि प्रत्येक पाकिटावर ‘सकाळी’ असा एकच शिक्का मारून दिला. थायरॉईडच्या पाकिटावर ‘उपाशीपोटी’ एवढा एक शब्द लिहिला असता तरी मी डबा वेगळा भरला असता. दोनदा डोस वाढला, दोनदा रक्त काढलं, आणि एकाही खिडकीवर कुणी विचारलं नाही की बाई, गोळी घेता कशी. ज्याचा डोस बरीच वर्षं स्थिर होता आणि तो अचानक कमी पडायला लागला, त्याला हा पहिला प्रश्न विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी नणंदेने फोनवर विचारलं, «आई अजून पहाटेच घेते ना?» तेव्हा उलगडा झाला.

आणि इथे माझी दुसरी चूक झाली, जी पहिलीपेक्षा महागात पडली. म्हणून हा भाग दोनदा वाचा. दुसऱ्या दिवसापासून मी वेळा दुरुस्त केल्या, थायरॉईड पहाटे आणि कॅल्शियम दुपारी, पण डॉक्टरांना कळवलं नाही. डोस १२५ च राहिला. तो डोस वाढवला गेला होता वाया जाणारी गोळी भरून काढायला. आता ती नीट लागू लागली. दीड-दोन महिन्यांत सासूबाईंना धडधड सुरू झाली, हात थरथरायचे, रात्री झोप नाही, वजन उतरलं. ईसीजी काढावा लागला. टीएसएच ०.१ च्या खाली गेला होता. डोस पुन्हा कमी करत ७५ वर आणला, तेव्हा कुठे त्या सावरल्या. वयस्क माणसाच्या हृदयाला हे जास्तीचं औषध झेपत नाही, हाडंही झिजतात, म्हणजे कॅल्शियम ज्यासाठी चाललं होतं त्याच्या उलटंच. तुमच्या आई आत्तापर्यंत या गोळ्या एकत्र घेत असतील तर वेळा बदलण्याच्या आधी डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचा का ते विचारून घ्या.

आता आमचा डबा कसा भरतो ते. डब्यावर छापलेल्या ‘सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र’ वर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पहिल्या कप्प्यावर ‘नाश्त्यानंतर’, त्यात बीपी आणि शुगरची. दुसऱ्यावर ‘दुपारी ताटासोबत’, त्यात फक्त कॅल्शियम. आमचं कॅल्शियम कार्बोनेट आहे, ते अन्नासोबत चांगलं लागतं. सायट्रेट असेल तर जेवणाची अट नाही, पण थायरॉईडपासूनचे चार तास तेव्हाही पाळायचेच. तिसऱ्यावर ‘संध्याकाळी, चहा नको’, त्यात लोह. चौथ्यावर ‘रात्री जेवणानंतर’, त्यात शुगरची दुसरी आणि कोलेस्टेरॉलची.

लोह संध्याकाळी का, तर कॅल्शियम आणि लोहही एकमेकांना आडवे येतात. म्हणून तुमच्या चिठ्ठीतलं ०-१-० दुपारी ठेवलंत तर कॅल्शियमशी टक्कर होईल, दोघांत किमान दोन तास सोडा. चहाने लोहाचं शोषण बरंच कमी होतं. आमच्याकडे चहा चारला होतो, म्हणून लोह सुरुवातीला सहाला ठेवलं, लिंबूपाण्यासोबत. त्याने पोटात मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडं खाऊन घ्या, पण दूध नको.

थायरॉईडची बाटली परत उशाशी गेली. मग आज घेतली की नाही हे कसं कळणार, हा प्रश्न होताच. आम्ही एक सोपी रीत ठेवली आहे. गोळी घेतली की बाटली देवघराच्या फळीवर जाते आणि रात्री अंथरूण घालताना माझे यजमान ती पुन्हा उशाशी आणून ठेवतात. सकाळी बाटली फळीवर दिसली म्हणजे घेतली. चहा निदान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाने. तुमच्या आईंना उठल्या उठल्या चहा लागतच असेल तर झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन-चार तासांनी घेण्याचाही मार्ग असतो. पण मग रात्रीच्या जेवणात कॅल्शियम किंवा लोह असता कामा नये. हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

बाटलीतच ठेवण्याचं दुसरं कारण नागपूरचं हवामान. या गोळीला उष्णता, प्रकाश, दमट हवा तिन्ही सोसत नाहीत. नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरसमोरची हवा ओलसर, आणि आम्ही डबा नेमका कूलरच्या खोलीत खिडकीशी ठेवला होता. कॅल्शियमच्या गोळ्यांवर डाग पडले होते. आता डबा आतल्या खोलीतल्या कपाटात असतो, स्वयंपाकघरातही नाही. पाण्यात विरघळवायच्या गोळ्या आणि ज्यांच्या पाकिटावर ओलाव्यापासून जपा असं लिहिलं आहे त्या सुट्या करून डब्यात घालू नका. काही जण अशा गोळ्या पाकिटासकट कात्रीने कापून चौकोन कप्प्यात टाकतात. वयस्क माणसासाठी हे अजिबात करू नका. नजर कमी असली तर धारदार कोपऱ्यासकट गिळलं जाऊ शकतं आणि अन्ननलिका कापू शकते.

भरताना एक एक दिवस घेऊन भरू नका, एक एक औषध घेऊन भरा. कॅल्शियमची पट्टी घेतली की सातही दिवसांच्या दुपारच्या कप्प्यांत एकेक, मग ती पट्टी बाजूला, मग पुढचं औषध. एक पट्टी हातात असताना दुसरी मिसळत नाही. आठवड्याअखेर कुठल्या कप्प्यात उरली ते बघा. आमच्याकडे नेहमी लोहच उरायचं, कारण सहाला सासूबाई देवळात असायच्या. मग ते साडेसातला केलं आणि रात्रीचं जेवण नऊला.

डी जीवनसत्त्वाची आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची गोळी असेल तर ती फक्त रविवारच्या दुपारी ठेवा आणि बाकीची पट्टी डब्याजवळ ठेवू नका. ती रोज घेतली गेल्याचं मी दोन घरांत पाहिलं आहे.

शेवटचं, ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं: ‘ताकदीची’ म्हणून दिलेली मल्टिव्हिटॅमिन. तिच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत बघा. फेरस, आयर्न, कॅल्शियम यांपैकी काहीही असेल तर ती पहाटेच्या गोळीपासून चार तास लांब. आम्लपित्तासाठी पितात त्या पांढऱ्या औषधालाही हेच लागू. पित्ताची रोजची गोळी चालू असेल तर तीही थायरॉईडच्या डॉक्टरांना सांगा, तिच्यानेही शोषण कमी होऊ शकतं. बऱ्याचदा पित्ताची गोळी एक डॉक्टर देतात आणि थायरॉईडची दुसरे. आईंच्या सगळ्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि दोघांनाही दाखवा.