रेड कार्डचा रिपोर्ट: शिवी जशीच्या तशी लिहा

प्रश्न: फुटबॉलमध्ये रेड कार्ड दिल्यावर रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहायचं आणि काय टाळायचं? खेळाडूने शिवी दिली असेल तर तीही लिहायची का?

लिहायची. जशी कानावर पडली तशी, एक अक्षर न बदलता.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेतल्या दोन तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच होती. ७१व्या मिनिटाला थ्रो-इन विरुद्ध टीमला दिला म्हणून आठ नंबरचा खेळाडू लाईनवरच्या असिस्टंटच्या अंगावर धावून गेला आणि आईवरून शिवी दिली. मी दहा-बारा पावलांवर होतो, कार्ड काढलं. रात्री रिपोर्ट लिहिताना एक ज्येष्ठ रेफरी म्हणाले, "असली घाण कागदावर कशाला? अपशब्द वापरले एवढंच लिही. कमिटीत वयस्कर माणसं असतात." मी ऐकलं नाही. मिनिट, स्कोअर, बॉल खेळाबाहेर होता, खेळाडू असिस्टंटपासून हातभर अंतरावर, मी कुठे होतो, मी स्वतः काय ऐकलं, ते शब्द अवतरणात, आणि थ्रो-इननेच खेळ पुन्हा सुरू केला, एवढं लिहिलं. कार्ड पाहून तो दोन मिनिटं बाहेर जाईना, तेही लिहिलं.

सुनावणीत तालमीचा माणूस म्हणाला, "पोरगं नुसतं 'काय राव, बघा की' म्हणालं." कमिटीने असिस्टंटला वेगळं विचारलं. त्याने सांगितलेले शब्द माझ्या कागदावरचेच निघाले, विषय तिथेच संपला. त्याआधी त्याच ज्येष्ठांच्या 'अपशब्द वापरले' अशा रिपोर्टवर एक खेळाडू सुटला होता, कारण कोणते शब्द ते कुणालाच सांगता येईना. 'अपशब्द' हे तुमचं मत झालं. कमिटीला पुरावा लागतो. तरी ते ज्येष्ठ अजून मलाच असभ्य म्हणतात.

आता काय गाळायचं. 'मुद्दाम', 'नेहमीचाच भांडखोर', 'इतक्या मॅचची बंदी द्या' यातलं काही नको. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसलेलं नसतं, आणि शिक्षा ठरवणं कमिटीचं काम आहे. त्या दिवशी नंतर गॅलरीतून बाटल्या आल्या, त्या मी वेगळ्या परिच्छेदात लिहिल्या. आठ नंबरने हात करून लोकांना चिथावलं असतं तरच त्या त्याच्या खात्यावर गेल्या असत्या. रात्री ग्रुपवर व्हिडिओ फिरतात, त्यात बघून रिपोर्टमध्ये भर घालू नका. असिस्टंटने पाहिलं आणि तुम्ही नाही, तर 'असिस्टंटने मला सांगितले' असंच लिहा.

मारामारीचं कार्ड असेल तर आधी एक गोष्ट स्पष्ट करा: दोघं बॉलसाठी झुंजत होते की नाही. बॉलसाठी जाताना धोकादायक पाय घातला तर तो गंभीर फाऊल, बॉलचा संबंध नसताना लाथ मारली तर हिंसक वर्तन. कलम चुकलं की वकिली करणाऱ्यांना आयतं सापडतं.

दुसऱ्या यलोवरून रेड असेल तर दोन्ही यलोंची मिनिटं आणि कारणं लिहिली की पुरे. स्पर्धेचा छापील फॉर्म असेल तर त्यातच भरा, जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडा. आणि हे सगळं मॅचच्या रात्रीच लिहा, सकाळपर्यंत चार जण तुम्हाला आपापली आठवण ऐकवून गेलेले असतात.