टाकी भरून वाहते, तरी पंप चालूच

गच्चीवरची टाकी भरून वाहते तरी कंट्रोलर पंप बंद करत नाही. टाकीत पाणी कुठवर आलं ते कळवणारे प्रोब गेले की कंट्रोलरच गेला?

बहुतेक वेळा प्रोबच. खात्री करायला मेन स्विच बंद करा आणि टाकीकडून आलेल्या तीन वायरी (कॉमन, खालची, वरची) कंट्रोलरमधून सोडवा. ती तिन्ही टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा, मग सप्लाय द्या. कंट्रोलरला आता टाकी भरलेली दिसते, म्हणजे पंप सुरू व्हायला नको. नाहीच झाला तर कंट्रोलर ठीक, दोष गच्चीवर आहे. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर प्रोबवर बसला की पाण्यातून करंट जात नाही आणि कंट्रोलर टाकी रिकामी समजतो. पॉलिश पेपरने घासा. टाकीजवळचा वायरचा जोडही बघा, तांबं हिरवं पडलेलं असेल तर कापून नवा जोड द्या.

जोडूनही पंप चालला तर आतला रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा स्विच, बघायला द्या. टिक् आवाज येऊनही पंप थांबत नसेल तर त्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. रिले बदलतो, पण पंप मोठा असेल तर मध्ये जास्त करंट झेलणारा कॉन्टॅक्टर घ्या, नाहीतर नवाही जळेल.

उलटा त्रास, म्हणजे पंप सुरूच न होणं, असेल तर आधी खालच्या टाकीचा प्रोब तपासा. तो गंजला की पाणी असूनही कंट्रोलर पंप सोडत नाही. फ्लोट स्विच असेल तर तो हाताने वर-खाली करा; बऱ्याचदा वायर पाइपात अडकलेली असते.