राउथ सारणीत अख्खी ओळ शून्य आली तर?

प्रश्न: s^4 + 2s^3 + 6s^2 + 8s + 8 = 0 साठी राउथ सारणी मांडली, पण s^1 ची ओळ शून्य येते. पुढे काय करायचं? प्रणाली स्थिर म्हणायची का?

उत्तर: नाही, ही प्रणाली सीमांत स्थिर आहे.

```
s^4 | 1  6  8
s^3 | 2  8
s^2 | 2  8
s^1 | 0  →  4
s^0 | 8
```

s^2 च्या ओळीचं पहिलं पद (2×6 − 1×8)/2 = 2 आहे, त्यावरून s^1 चं पद (2×8 − 2×8)/2 = 0 आलं. अशा वेळी शून्य ओळीच्या लगेच वरची ओळ घ्या. तिच्यापासून सहायक समीकरण बनतं: A(s) = 2s^2 + 8. त्याचं अवकलन 4s, म्हणून शून्याच्या जागी 4 लिहा आणि सारणी पुरी करा.

आता पहिल्या स्तंभात 1, 2, 2, 4, 8 आहेत. चिन्ह कुठेच बदलत नाही, म्हणजे उजव्या अर्धप्रतलात एकही मूळ नाही. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबून ‘स्थिर’ लिहितात आणि गुण जातात. A(s) = 0 सोडवायलाच हवं: s = ±2j. ही मुळं काल्पनिक अक्षावर आहेत, त्यामुळे प्रतिसाद 2 रेडियन प्रति सेकंदाने न विझता डोलत राहतो. पडताळा सोपा आहे: मूळ बहुपदी (s^2 + 4)(s^2 + 2s + 2) आहे.

शून्य ओळ दुसऱ्यांदा आली तर मात्र सावध व्हा. s^5 + s^4 + 2s^3 + 2s^2 + s + 1 मध्ये तसं होतं, कारण ±j मुळं दोनदा आहेत. तिथे चिन्हबदल नसूनही प्रणाली अस्थिर असते.