माकडताप: कुणाला, कुठे, कधी?

साथ आली की आरोग्यसेवक वय, गाव, कामधंदा आणि ताप कधी आला एवढंच लिहून नेतात. रक्त तपासल्याशिवाय यातून कारण कसं कळणार?

कारण सिद्ध होत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात, क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडं मरू लागली आणि लोक तापाने आजारी पडू लागले. हाच माकडताप. माकडं आणि माणसं एकाच वेळी म्हटल्यावर पहिली भीती डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची होती. दक्षिण अमेरिकेत तो असाच दिसतो, आणि भारतात तर तो कधी आलेलाच नव्हता.

पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. आजारी पडत होते ते बहुतेक जंगलात लाकूडफाट्याला, गुरांमागे जाणारे. रुग्ण होते जंगलालगतच्या गावांत. ताप यायचा कोरड्या महिन्यांत आणि पाऊस लागला की साथ ओसरायची. डासांमुळे होणारा आजार साधारणपणे पावसाबरोबर वाढतो, इथे उलटं होतं. घरात एक आजारी पडला की त्याच्यापासून बाकीच्यांना लागतंय, असंही दिसत नव्हतं. म्हणजे जंगलात, कोरड्या दिवसांत, माणसाला आणि माकडाला दोघांनाही चावणारं काहीतरी हवं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना माणसांत, माकडांत आणि पुढे गोचिडांतही एकच विषाणू सापडला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचं नातं निघालं. गोचिडाची माणसाला चावणारी अवस्था, म्हणजे अजून पूर्ण न वाढलेलं पिल्लू, पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतच सर्वाधिक आढळते. तारखांचं कोडं तिथे सुटलं.

माझी आत्या दोडामार्गला असते. तिकडे काजू वेचणाऱ्यांनाच माकडताप होतो म्हणतात. काजूत किंवा बोंडात काही असतं का?

काजूत काही नसतं. मात्र तुमच्या तिकडच्या लोकांचं निरीक्षण मोलाचं आहे. 2015 पासून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 पासून सिंधुदुर्गात काजूच्या बागांत काम करणारे या तापाने आजारी पडले. काजूचा हंगाम आणि गोचिडांचे दिवस एकाच वेळी येतात, शिवाय बागा जंगलाला चिकटून असतात. बोंड खाल्ल्याने होतं असं मानलं, तर बाजारातून बोंडं आणून खाणारेही आजारी पडायला हवेत. या कल्पनेची परीक्षा तिथेच होते.

नुसते रुग्ण मोजून मात्र फसगत होते. समजा, एका गावात 1000 माणसं आहेत. त्यातली 200 बागेत जातात, 800 जात नाहीत. बागेत जाणाऱ्यांत 20 रुग्ण, बाकीच्यांत 4. हजारी प्रमाण काढलं तर पहिल्या गटात 100 आणि दुसऱ्यात 5, म्हणजे वीसपट. पण गावातले जवळजवळ सगळेच बागेत जात असते, तर रुग्णांत बागवाले जास्त दिसले याला काहीच अर्थ उरला नसता. म्हणून आजारी नसलेल्यांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो. हे काम कंटाळवाणं असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

आता ते उरलेले 4. मी त्यांच्याकडे आधी जाईन. त्यांनी पातेरा गोळा करून घरी आणला होता का, गुरं रानात चरून गोठ्यात येतात का, हे विचारीन. गोचीड अशा वाटेनेही घराजवळ पोचू शकतो. ‘काजू’ ही कल्पना या चौघांना लागू पडत नाही, ‘गोचीड’ ही पडते.

मग बागेत जाणाऱ्यांनाच होतो, हे धरून बाकीच्यांनी निर्धास्त राहावं का?

नाही. गटात दिसलेला नमुना एकेका माणसावर तसाच लावता येत नाही. शिवाय एखाद्या गावात मेलेलं माकड आढळलं, तर तिथे धोका सगळ्यांनाच. मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड उतरून आसपास पसरतात. माकड हाताळू नका, ताबडतोब आरोग्य किंवा वनखात्याला कळवा.

आमच्या तालुक्यात यंदा एकदम रुग्ण वाढले. रोग खरंच पसरला, की तपासण्या वाढल्या?

आधी किती नमुने तपासले ते विचारा. नमुने तिप्पट आणि रुग्णही तिप्पट असतील, तर वाढ बहुधा शोधण्यातली. नमुने तेवढेच असून रुग्ण वाढले, तर ती खरी असण्याची शक्यता जास्त. आलेख काढताना अहवालाची तारीख घेऊ नका, ताप सुरू झाल्याची घ्या. चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण 3 ते 8 दिवस जातात. ताप सुरू झाल्याच्या तारखेपासून तेवढे दिवस मागे मोजले, की रुग्ण त्या दिवसांत कुठे होता हे विचारता येतं. अहवाल चार दिवसांनी आला की चौदा दिवसांनी, यावर ते ठरत असेल तर आपण चुकीच्या आठवड्यात शोधत बसतो.

रुग्ण नव्या गावांत दिसत असतील, तर तिथे माकडांचे मृत्यू आधी झाले होते का, तेही पाहा. ते झाले असतील, तर विषाणू तिथल्या रानात पोचला असावा. तिथली माकडं धडधाकट आणि रुग्ण मात्र शेजारच्या तालुक्यातल्या बागेत मजुरीला जाऊन आलेले, असं असेल तर नकाशावर रुग्णाच्या घराऐवजी त्या बागेवर खूण करा.