भूमितीत २२ आणि घरात कर्फ्यू

«माझी मुलगी दहावीला आहे, एसएससी बोर्ड. जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत भूमितीत ४० पैकी २२ पडले. तेव्हापासून तिच्या बाबांनी टीव्ही, बॅडमिंटन, मैत्रिणी सगळं बंद केलंय. रात्री दीड वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसते, पण सारखी रडते. ओरडलो तर बिथरते आणि सोडून दिलं तर ढिली पडेल अशी भीती वाटते. परीक्षेला चार आठवडे राहिलेत. ताण कमी करायचा म्हणजे अभ्यास कमी करायचा का?»

नमस्कार ताई,

नाही, अभ्यास कमी करायचा नाही. पण तो नेमका कशाचा करायचा, हे ठरवण्याआधी मी तुम्हाला एकच काम सांगणार आहे. भूमितीची ती तपासलेली उत्तरपत्रिका शाळेतून मागून घ्या आणि मुलीबरोबर अर्धा तास बसा. बाबांना त्या दिवशी बाहेर पाठवलं तरी चालेल. मिळालेले २२ बाजूला ठेवून गेलेले १८ गुण मोजा. प्रत्येक गुणापुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहायचं: मुळात येतच नव्हतं तिथे ‘न’, वेळ संपला म्हणून राहिलं तिथे ‘व’, येत होतं पण लिहिण्यात गेलं तिथे ‘ल’. अक्षर तिनेच लिहायचं, तुम्ही फक्त शेजारी बसायचं.

मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलाचेही भूमितीत असेच १८ गेले होते. आम्ही मोजले तेव्हा ‘न’ निघाले फक्त ६: वर्तुळावरचा ४ गुणांचा एक प्रश्न आणि त्रिकोणमितीचा २ गुणांचा एक. ‘व’ निघाले ७, कारण शेवटचा ३ गुणांचा प्रश्न आणि त्याआधीचा ४ गुणांचा एक त्याने उघडलाच नव्हता. उरलेले ५ ‘ल’ होते. सिद्धतेत विधानं बरोबर, पण समोर कारणच नाही, तिथे २ गेले. घनफळाच्या उत्तराला एकक नाही. रचनेत कंसाच्या खुणा पुसून टाकलेल्या, आकृती मात्र अगदी चकचकीत. आणि निर्देशक भूमितीत एक उणे चिन्ह ओळ बदलताना हरवलं होतं.

म्हणजे १८ पैकी १२ गुण त्याला येत होते. ते मिळवायला रात्री दीडपर्यंत प्रमेयं वाचून काय होणार? तो वाचत होता ते आधीच पाठ होतं, म्हणून डुलक्या येत होत्या, आणि गुण हलत नव्हते म्हणून रडू येत होतं. घरच्यांना दिसत होतं ते एवढंच, की इतकं बसतो आणि काही होत नाही. तुमच्या घरी याहून फार वेगळं चाललं असेल असं मला वाटत नाही. तिचा आकडा अर्थात वेगळा निघेल. ‘न’ जास्त निघाले तर ते दोन धडे आधी हातात घ्या, आणि ते घरच्यांनी शिकवण्यापेक्षा शाळेतल्या सरांकडून समजून घेतलेले बरे.

‘व’साठी उपाय एकच आहे, घड्याळ लावून लिहिणं. भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. अलीकडे बोर्ड शेवटी दहा मिनिटं जास्त देतं, पण ती हिशोबात धरू नका, तपासायला राहू द्या. त्या मुलाने ३ गुणांच्या एका प्रश्नावर पंचवीस मिनिटं घालवली होती, कारण ‘सुरू केलंय तर सोडायचं कसं’. आम्ही नियम केला: दहा मिनिटांत वाट दिसली नाही तर अर्धं पान कोरं सोडायचं आणि पुढे जायचं. हे तोंडी सांगून येत नाही, ताई. दोन-तीन पेपर असे सोडून पाहिल्यावरच हाताला पटतं.

मग आठवड्यातून दोनदा, सकाळी बरोबर ११ ते १, टेबलावर बसून एक अख्खा पेपर. वेळ ११ चीच, कारण बोर्डाचा पेपर बहुतेक वेळा त्याच वेळी असतो आणि केंद्रावर साडेदहाला पोचायचं असतं. शाळा असेल त्या दिवशी जमणार नाही, तर शनिवार-रविवार धरा. पेपर झाला की लगेच तपासायला बसायचं नाही. जेवण, थोडी झोप, संध्याकाळी तपासणी. दुसऱ्या दिवशी फक्त चुकलेले प्रश्न कोऱ्या पानावर परत लिहायचे, उत्तर न बघता. ही मेहनत दीडपर्यंत जागण्यापेक्षा कमी नाही. सलग दोन तास लिहून मुलांचं मनगट दुखतं, विश्वास नसेल तर स्वतः लिहून बघा.

‘ल’चा मार्ग सोपा आहे. तिच्या सवयीच्या चार-पाच चुका एका चिठ्ठीवर लिहून कंपासपेटीत ठेवायच्या: ‘कारण लिहिलं? एकक? खुणा पुसल्या नाहीत ना?’ सरावाच्या पेपरात शेवटची पाच मिनिटं त्या चिठ्ठीची. बोर्डाला जाताना ती पेटीतून आठवणीने काढा, नाहीतर कॉपीच्या नावाखाली भलतंच व्हायचं. तोवर ती डोक्यात बसलेली असते.

आता झोप. दीडला झोपून सातला उठणारं मूल ११ वाजता पेंगतं, आणि तुमच्या मुलीने पूर्वपरीक्षाही बहुधा तशीच दिली असेल. एकदम दहाला झोपवायला जाल तर ती छताकडे बघत पडेल. दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा, दोन आठवड्यांत अकरावर येईल. बॅडमिंटनही परत सुरू करा, संध्याकाळी पाऊण तास. ते बक्षीस म्हणून द्यायचं नाही आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायचं नाही.

तिच्या बाबांसाठी दोन गोष्टी. ‘९०च्या वर पाहिजेत’ हे मंगळवारी दुपारी चार वाजता बसून करता येण्याजोगं काम नाही. ‘आज वर्तुळावरचे तीन प्रश्न लिहून काढायचे’ हे आहे. त्यामुळे संध्याकाळी ‘किती झालं?’ असं न विचारता ‘आज लिहिलेलं दाखव’ म्हणा. पान समोर आलं की ढिलाई आहे की नाही ते आपोआप कळतं, ओरडावं लागत नाही. दुसरी गोष्ट, ‘नापास झालीस तर वर्ष गेलं’ ही धमकी खरीही नाही. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेशाची सोय आहे, आणि टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची धरतात. हे तिला एकदाच, शांतपणे सांगा. रोज सांगितलंत तर तिला वाटेल, तुम्ही आशा सोडलीत.

हे सगळं मी फार शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. माझा मुलगा दहावीला असताना मी दाराबाहेर उभी राहून पानं उलटल्याचा आवाज येतो का ते ऐकायची. तो ते ओळखून मधूनमधून उगाच पानं उलटायचा.

एक सावधगिरी मात्र ठेवा. रडणं ताणाचं असतं तसं कधी त्यापलीकडचंही असतं. जेवण सुटलं, पेपरच्या विचारानेच उलट्या होऊ लागल्या, झोपायची वेळ अलीकडे आणूनही रात्र-रात्र डोळा लागेना, तर डॉक्टरांना दाखवा. ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोलली, तर वेळापत्रक बाजूला ठेवा, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.

उत्तरपत्रिका मोजून झाली की ‘न’, ‘व’, ‘ल’चे तिन्ही आकडे मला कळवा. पहिला ११ ते १ चा पेपर येत्या रविवारी लावा, आणि त्या दोन तासांत घरातला कुकर लावू नका.

तुमची,
शालेय समुपदेशक