आरडीची मुदत संपल्यावर हाती किती पडणार?

प्रश्न: दरमहा १,००० रुपयांची एक वर्षाची आरडी आहे, व्याज ६ टक्के. १२,००० वर ७२० रुपये व्याज व्हायला हवं. बँक ३९५ च सांगते. फसवणूक आहे का?

नाही, हिशोब बरोबर आहे. १२,००० रुपये वर्षभर बँकेत नव्हतेच. पहिला हप्ता बारा महिने राहिला, दुसरा अकरा आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर प्रत्येक हप्ता साडेसहा महिने राहतो, आणि तेवढ्या काळाचं सरळव्याज ३९० रुपये होतं. वरचे पाच रुपये दर तिमाहीच्या चक्रवाढीचे.

कागदावर करून पाहा. एका तिमाहीत तीन हप्ते येतात आणि ते तीन, दोन व एक महिना राहतात. हजारावर महिन्याचं व्याज ५ रुपये, म्हणून सहा महिन्यांचे मिळून ३० रुपये. तिमाहीअखेर खात्यात ३,०३० रुपये झाले. पुढच्या तिमाहीत या रकमेवर दीड टक्का (६ भागिले ४) चढतो आणि नव्या तीन हप्त्यांचे ३,०३० मिळतात.

दुसरी तिमाही: ३,०७५.४५ + ३,०३० = ६,१०५.४५
तिसरी: ६,१९७.०३ + ३,०३० = ९,२२७.०३
चौथी: ९,३६५.४४ + ३,०३० = १२,३९५.४४

तिमाहीच्या आतले महिनेही चक्रवाढीने मोजले, तर १२,३९५.२३ येतात. तुमच्या पावतीवरचा आकडा यापैकी एकाच्या आसपास असेल, तर निश्चिंत राहा.

प्रश्न: एक्सेलमध्ये १२,३९७ येतात. मग बँक दोन रुपये कमी का देते?

तुम्ही ६ टक्क्यांना १२ ने भागलंत, त्यामुळे एक्सेलने दरमहा चक्रवाढ केली. बँक ती तिमाहीला करते. म्हणून तिमाहीच्या दरावरून महिन्याचा दर काढावा लागतो:

```
=FV((1+6%/4)^(1/3)-1,12,-1000,0,1)
```

शेवटचा `1` विसरू नका. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला, हे त्याने कळतं. तो गाळला तर उत्तर सुमारे ६१ रुपयांनी कमी येतं, आणि नेहमीची चूक हीच असते.

प्रश्न: पोस्टात दरमहा १,००० भरते, पाच वर्षांसाठी, ६.७ टक्क्यांनी. किती मिळतील? हप्ता उशिरा गेला तर?

सगळे हप्ते वेळेवर गेले तर सुमारे ७१,३६६ रुपये. त्यात तुमचे स्वतःचे ६०,००० आहेत. हप्ता चुकला तर दर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे तुमच्या हप्त्यावर १० रुपये. हजारावर एका महिन्याचं व्याज साधारण साडेपाच रुपयेच होतं, म्हणजे दंड जवळजवळ दुप्पट. लागोपाठ चार हप्ते चुकू देऊ नका, खातं बंद पडतं.